कुणाचीही झोप न मोडता झोपेवरचा प्रोजेक्ट

कानात इअरफोन आहेत ना? आज जरा कागद-पेनही जवळ ठेवा, कारण शेवटी थोडं गणित आहे. घाबरू नका, छापा-काट्याचं आहे.

मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. दरवर्षी प्रोजेक्टचे विषय द्यायची वेळ आली की निदान दोन-तीन गट तरी एकच कल्पना घेऊन येतात. "मॅडम, आपण सहा जणांना रात्रभर जागवू, सहा जणांना झोपू देऊ आणि सकाळी दोघांची मेमरी टेस्ट घेऊ." डोळे चमकत असतात अगदी. आणि माझं उत्तर दरवर्षी तेच असतं. नाही.

पण नुसतं नाही म्हणून सोडून दिलं तर तो गट 'स्मरणशक्तीचे महत्त्व' असा काहीतरी चार्ट रंगवून आणतो. ते मला त्याहून नको असतं. झोप आणि स्मरण यांचा संबंध खरोखर मोजता येतो, घरबसल्या, बारा मित्रमैत्रिणींवर, आणि कुणाच्या झोपेचं एक मिनिटही न घेता. तो प्रोजेक्ट कसा करायचा ते आज मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणार आहे.

आधी जागवायच्या कल्पनेचं बघू. ती तुमच्याच वयाच्या एकाने करून झालीये. १९६३ सालचा डिसेंबर, अमेरिकेतलं सॅन दिएगो. रँडी गार्डनर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रोजेक्ट हवा होता, म्हणून तो आणि त्याच्या मित्रांनी ठरवलं की माणूस किती काळ जागा राहू शकतो ते बघायचं. रँडी जागा राहिला सुमारे २६४ तास. म्हणजे अकरा दिवस! झोपेवर संशोधन करणारे विल्यम डिमेंट हे बातमी कळल्यावर तिथे पोहोचले आणि शेवटचे काही दिवस त्याच्यासोबत होते. त्या दिवसांत रँडीची चिडचिड वाढली, लक्ष लागेनासं झालं, साध्या वजाबाकीत तो मध्येच थांबला, कारण आपण काय करत होतो हेच तो विसरला होता.

ही गोष्ट आपल्याकडे 'भारी रेकॉर्ड' म्हणून फॉरवर्ड होते. पुढचा भाग फॉरवर्ड होत नाही. उतारवयात रँडीला निद्रानाशाचा भयंकर त्रास झाला. त्या जागरणामुळेच झाला असं कुणी सिद्ध केलेलं नाही, पण त्याने स्वतः मुलाखतीत ते बोलून दाखवलंय. आणि गिनीज बुकवाले आता जागरणाचा विक्रम स्वीकारतच नाहीत, धोका आहे म्हणून.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे अकरा दिवस म्हणतोय, एकच रात्र तर आहे. ठीक. पण दुसऱ्या दिवशी तो मुलगा स्कूटीवरून क्लासला जाणार असेल तर? कुणाला मायग्रेन असेल, फिट्सचा त्रास असेल आणि त्याने तुम्हाला सांगितलं नसेल तर? जागरणाने या दोन्ही गोष्टी उसळू शकतात. हे तपासायला तुमच्याकडे डॉक्टर नाही.

आणि समजा सगळं सुखरूप झालं, तरी प्रोजेक्ट म्हणूनही ते कच्चंच. रात्रभर जागलेला मुलगा सकाळी कमी शब्द आठवतो. का? स्मरण कमी झालं म्हणून, की डोळे मिटतायत, पेन धरवत नाही म्हणून? हे वेगळं काढताच येत नाही. म्हणजे त्रासही दिला आणि उत्तरही मिळालं नाही.

मग करायचं काय? त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच सापडलंय. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जॉन जेनकिन्स आणि कार्ल डालेनबाख या दोघांनी एक साधा प्रश्न विचारला. माणूस जे पाठ करतो ते नुसता वेळ गेला म्हणून विसरतो, की मधल्या वेळात जे काही घडतं त्यामुळे विसरतो? त्यांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरगटांच्या दहा-दहाच्या याद्या पाठ करायला दिल्या. कधी रात्री झोपायच्या आधी, कधी सकाळी. मग एक, दोन, चार आणि आठ तासांनी विचारलं. मधले आठ तास झोपेत गेले असतील तर दहापैकी साधारण साडेपाच आठवत होते. तेच आठ तास जागेपणी गेले असतील तर जेमतेम एक.

यात त्यांनी काय केलं बघा. जागं राहणं सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजलं. आपण सगळे दिवसा जागेच असतो की! झोप मोडायची गरजच नाही. झोप जिथे नैसर्गिकपणे येते तिथे तिला येऊ द्यायचं आणि परीक्षेची वेळ तिच्या दोन्ही बाजूंना ठेवायची. हीच आपल्या प्रोजेक्टची युक्ती. (फक्त ते बिचारे दोन विद्यार्थी प्रयोगशाळेतच मुक्काम करायचे आणि रात्री त्यांना एक-दोन-चार तासांनी उठवून विचारलं जायचं. तो भाग आपण वगळतोय.)

तर आपला आराखडा असा. प्रत्येक व्यक्ती दोन फेऱ्या करते. रात्रीच्या फेरीत नऊ वाजता शब्दजोड्या शिकायच्या, नेहमीप्रमाणे झोपायचं आणि सकाळी नऊला आठवायच्या. दिवसाच्या फेरीत सकाळी नऊला शिकायच्या आणि रात्री नऊला आठवायच्या. मध्ये दोन्हीकडे बारा तास. एका बारा तासांत रात्रीची झोप आहे, दुसऱ्यात नाही. बाकी सगळं शक्य तितकं सारखं.

दोन फेऱ्यांमध्ये निदान एक आठवड्याचं अंतर ठेवा. शनिवार-रविवार सोयीचे पडतात, कारण सकाळी नऊला कॉलेज नसतं. शनिवारी रात्री शिका, रविवारी सकाळी आठवा, आणि पुढच्या रविवारी दिवसाची फेरी. आणि एक सांगते, गणपतीत किंवा नवरात्रात हा प्रोजेक्ट करू नका. गरब्याहून दीड वाजता आलेल्या माणसाची 'नेहमीची झोप' काय मोजणार तुम्ही? परीक्षेच्या आधीच्या दोन आठवड्यांतही नको. तेव्हा मित्राची पंधरा मिनिटं मागणं हेच मुळात बरोबर नाही.

आता शब्दजोड्या. निरर्थक अक्षरगट घेऊ नका, मुलं कंटाळतात. साध्या मराठी नामांच्या जोड्या करा, ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. छत्री आणि लिंबू. पूल आणि कंगवा. बैल आणि पाकीट. पहिला शब्द दाखवला की दुसरा आठवायचा. पाटी-पेन्सिल, सुई-दोरा असल्या जोड्या चालणार नाहीत, कारण त्या न शिकताही सांगता येतात. यमक जुळणाऱ्याही नकोत. आणि भीती, आजार, मृत्यू असे शब्द घेऊ नका. एकतर कुणाला कशाची आठवण येईल सांगता येत नाही, आणि भावनेला भिडणारे शब्द तसेही जास्त लक्षात राहतात, म्हणजे तुमची यादी असमान होते.

अशा वीस-वीस जोड्यांच्या दोन याद्या लागतील. एक यादी सोपी आणि एक अवघड झाली तर पंचाईत. म्हणून आधी प्रोजेक्टमध्ये नसलेल्या चार-पाच जणांवर दोन्ही करून बघा. शिकल्यावर लगेच विचारलं तर वीसपैकी बारा ते सोळा यायला हवेत. सगळे एकोणीस-वीस आणत असतील तर यादी फार सोपी आहे, आणि मग झोपेने काही फरक पडला तरी तो दिसायला वर जागाच नाही. सगळे चार-पाचवर अडकत असतील तर उलट. हे न तपासता थेट सुरू केलेले प्रोजेक्ट मी कितीतरी बघितलेत. शेवटी सगळ्यांचे आकडे सारखे येतात आणि गट म्हणतो, झोपेचा परिणाम होत नाही! अरे, तुमच्या मोजपट्टीवर खुणाच नव्हत्या.

रात्री नऊला बारा जण एकत्र कसे जमणार? नाहीच जमणार, जमवूही नका. व्हिडिओ कॉलवर करा. प्रत्येक जोडी एका स्लाइडवर, पाच सेकंद, स्लाइड आपोआप पुढे जाणारी. वीस जोड्या म्हणजे शंभर सेकंद. क्रम बदलून पुन्हा एकदा. मग दोन मिनिटं साध्या बेरजा करायला द्या, म्हणजे शेवटचे दोन-तीन शब्द नुसते ओठांवर राहिले असतील तर ते निघून जातील. मग पहिले शब्द वेगळ्या क्रमाने दाखवायचे आणि दुसरे कागदावर लिहून घ्यायचे. बरोबर-चूक सांगायचं नाही. पंधरा मिनिटांत काम संपतं. बारा तासांनी पुन्हा तेच, फक्त शिकवणं नाही, आठवणंच.

कागदावरच लिहून घ्या, फोनवर टाइप करायला सांगू नका. का माहितीये? फोनचा कीबोर्ड शिकतो. रात्री 'लिंबू' टाइप केलं असेल तर सकाळी 'लिं' लिहिताच तो 'लिंबू' सुचवतो. मग स्मरणशक्ती कुणाची मोजली तुम्ही, फोनची! कागदाचा फोटो पाठवायचा, कॅमेऱ्यासमोर कागद फाडायचा आणि स्वतःच्या फोनमधून फोटो पुसायचा. नाहीतर रात्री नऊ ते बारा तो कागद उशाशी बसतो.

एक प्रश्न मुलं नेहमी विचारतात. "मॅडम, बारा तासांनी पुन्हा विचारणार हे सांगितलं तर ते पाठ करत बसतील. लपवूया का?" माझं मत, लपवू नका. संमती घेताना तुम्ही सांगितलेलंच असतं की दोन वेळा काम आहे. मग आता कशाला नाटक करायचं? सरळ सांगा, 'पुन्हा विचारणार आहे, मध्ये मुद्दाम घोकू नका, आणि घोकलं तर तसं लिहा, मी रागावणार नाही.' दुसऱ्या वेळी कागदावर एक चौकट ठेवा, मध्ये जाणूनबुजून उजळणी केली का, हो किंवा नाही. हो म्हणणाऱ्याची ती फेरी हिशेबात धरायची नाही. फसवणूक करून मिळणारी अचूकता इथे फारशी नाहीये, आणि मैत्री मात्र खर्च होते.

तशीच चौकट दुपारच्या झोपेसाठी. रविवार आहे, बाराला मटण झालंय, पंखा लावलाय... कोण जागं राहणार! तुम्ही 'दुपारी झोपू नका' असा नियम केला की तुम्ही पुन्हा लोकांची झोप काढून घ्यायला लागलात. नियम करू नका. विचारा, झोपलात का, किती वेळ. झोपलेल्यांची ती फेरी वेगळी काढा किंवा पुढच्या रविवारी दुसऱ्या यादीने पुन्हा घ्या. त्यासाठी एक तिसरी यादी तयार ठेवलेली बरी.

झोपेची नोंद चार ओळींची पुरते. अंथरुणावर किती वाजता गेलो, अंदाजे किती वाजता झोप लागली, किती वाजता उठलो, दिवसा डुलकी घेतली का. बस. याच्या पुढे जायचं नाही. झोप का येत नाही, टेन्शन आहे का, गोळ्या चालू आहेत का, हे विचारायचा तुम्हाला अधिकार नाही आणि उत्तर हाताळायची तयारीही नाही.

आणि हो, नेटवरून पिट्सबर्गची झोपेची प्रश्नावली उतरवून वर्गात वाटू नका. ती १९८९ साली आली, संशोधनात खूप वापरली जाते, पण ती रुग्णालयातल्या आणि संशोधनातल्या कामासाठी बनवलेली मोजपट्टी आहे. तिचा गुण पाचच्या वर गेला की झोप खराब मानतात. आता तुम्ही सतरा वर्षांच्या मैत्रिणीला सांगितलंत, तुझा स्कोअर नऊ आला, तुझी झोप वाईट आहे. ती घरी जाऊन काय करेल? झोप येत नाही म्हणून काळजी करेल, आणि काळजीने आणखी झोप येणार नाही. निदान करणं हे तुमच्या प्रोजेक्टचं काम नाही.

पण चार ओळींच्या नोंदीतही काहीतरी दिसू शकतं. कुणी रोज रात्री तीन वाजता झोपलेलं असेल तर? हे आधीच ठरवून ठेवायचं. नावं आणि कोड यांची यादी शिक्षकांकडे राहील, गटाकडे नाही. गटाला फक्त क-०७, क-०८ असे कोड दिसतील. नोंदीत काळजी वाटण्यासारखं काही दिसलं तर गट शिक्षकांना कोड सांगेल, शिक्षक त्या मुलाशी एकट्यात बोलतील. हे संमतीपत्रावर पहिल्या दिवशीच लिहिलेलं हवं, म्हणजे नंतर 'तुम्ही चुगली केली' असं होत नाही. त्याच कागदावर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, १४४१६, हीसुद्धा लिहा. कुणाला बोलायचं असेल तर नंबर हाताशी असावा.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल, व्हिडिओ कॉलवर तुम्हाला चेहरे आणि नावं दिसणारच. म्हणून कॉल घेणारा एक जण आणि कागद तपासणारा दुसरा, असं करा. कागदावर कोड आणि एक आकडी खूण, एवढंच. रात्रीची फेरी की दिवसाची हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. माणूस आहोत आपण, झोपेच्या बाजूचा कागद हातात आहे हे माहीत असलं की 'कंगव्या' असं लिहिलेलं बरोबर धरतो आणि दुसऱ्या बाजूला चूक. शुद्धलेखनाचा नियमही आधीच लिहून ठेवा. पुल लिहिलं काय, पूल लिहिलं काय, बरोबर. कंगव्याऐवजी फणी लिहिलं तर चूक.

संमतीपत्राबद्दल फार बोलत नाही, नमुना तुमच्या शिक्षकांकडे असतो. दोनच गोष्टी. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची सही आणि त्याचा स्वतःचाही होकार, दोन्ही हवेत. आणि आठवी-नववीच्या मुलांना घेऊ नका. त्यांना तुम्ही ताई-दादा वाटता, ते नाही म्हणूच शकत नाहीत. आपल्या वर्गातल्यांनाच विचारा, ग्रुपवर सगळ्यांसमोर नको, एकेकट्याला. 'नको यार' म्हणायची सोय पाहिजे, आणि मधूनच सोडून जायचीसुद्धा, कारण न सांगता.

आता बारा जणांची मांडणी. सहा जण रात्रीची फेरी आधी करतील, सहा जण दिवसाची. त्या प्रत्येक सहांतल्या तिघांना पहिल्या फेरीत एक यादी, तिघांना दुसरी. म्हणजे तीन-तीनचे चार गट झाले. कोण कुठे जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. हे कशासाठी? दुसऱ्या फेरीला सगळेच सरावलेले असतात. सगळ्यांची रात्रीची फेरी दुसरी असेल तर तुम्ही सराव मोजाल आणि त्याला झोप म्हणाल.

चला, आता कागद घ्या. समजा क-०७ चे आकडे असे आले. हे मी समजावण्यासाठी घेतलेले आकडे आहेत, कुणाचे खरे नाहीत. रात्रीच्या फेरीत शिकल्यावर लगेच १५ जोड्या आल्या, सकाळी १२. दिवसाच्या फेरीत लगेच १६ आल्या, रात्री १२. बघणारा पटकन म्हणेल, बारा आणि बारा, फरक शून्य. पण सुरुवात सारखी नव्हती. म्हणून जे आधी येत होतं त्यातलं किती टिकलं हे काढायचं. १५ पैकी १२ म्हणजे ८० टक्के. १६ पैकी १२ म्हणजे ७५ टक्के. झोपेच्या बाजूला पाच टक्के जास्त.

खूश झालात? थांबा. तो पाच टक्के म्हणजे किती शब्द? एकीकडे तीन विसरले, दुसरीकडे चार. एका शब्दाचा फरक! खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी वाजली तरी एवढा फरक पडतो. म्हणून एका माणसावरून काही म्हणायचं नाही. बारा जणांचं बघायचं.

इथे छापा-काटा. प्रत्येकाच्या नावापुढे नाही, कोडपुढे, फक्त एवढंच लिहा की रात्रीच्या फेरीत जास्त टिकलं की दिवसाच्या. दोन्हीकडे सारखं असेल त्याला बाजूला ठेवा. झोपेचा काहीच संबंध नसता तर प्रत्येकाचा निकाल नाणं उडवल्यासारखा असता, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. समजा बारापैकी दहा जणांचं रात्रीच्या फेरीत जास्त टिकलं. नुसती बारा नाणी उडवली तर दहा किंवा त्याहून जास्त छापे पडण्याची शक्यता किती? एकूण ४०९६ प्रकारे नाणी पडू शकतात, त्यातले ७९ प्रकार असे आहेत. म्हणजे सुमारे २ टक्के. निकाल कुठल्या बाजूला जाईल हे तुम्ही आधी लिहून ठेवलं नसेल तर दुप्पट धरा, ४ टक्के. तरीही नुसत्या नशिबाने असं क्वचितच होईल.

पण बारापैकी आठच जण निघाले तर? आठ किंवा जास्त छापे पडायची शक्यता १९ टक्क्यांच्या वर आहे. पाचांत जवळपास एकदा हे नाण्यांनीही घडतं. मग अहवालात तसंच लिहायचं, की आमच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. परीक्षक त्याचे गुण कापत नाहीत. आठाचे अकरा केलेले मात्र तोंडी परीक्षेत लगेच कळतात, कारण मूळ कागद मागितले की जुळत नाहीत.

आणि दहा निघाले तरी निष्कर्ष काय लिहायचा? 'झोपेमुळे स्मरणशक्ती वाढते' हे वाक्य खोडा. कुणाची स्मरणशक्ती वाढली नाही. विसरणं कमी झालं, तेही वीस शब्दांचं, बारा तासांत. आणि का कमी झालं हे या प्रोजेक्टने सांगता येत नाही. जेनकिन्स आणि डालेनबाख यांना वाटलं होतं की दिवसा नवीन गोष्टी येऊन जुन्यांवर बसतात आणि झोपेत तसं काही येत नाही, म्हणून टिकतं. आजचे बरेच संशोधक म्हणतात की झोपेत मेंदू दिवसाच्या आठवणी पुन्हा चाळतो आणि पक्क्या करतो. आपल्या आकड्यांना दोन्ही स्पष्टीकरणं चालतात.

तोंडी परीक्षेत एक अवघड प्रश्न हमखास येतो, तो सांगते. "तुम्ही रात्री शिकवलं आणि सकाळी शिकवलं. मग फरक झोपेचा कशावरून? कदाचित रात्री मुलं जास्त चांगलं शिकत असतील." बरोबर प्रश्न आहे. त्याच्यासाठीच आपण शिकल्यावर लगेच चाचणी घेतली. बाराही जणांची लगेचची सरासरी रात्री आणि सकाळी साधारण सारखी असेल तर शिकण्यात फार फरक नव्हता असं दाखवता येतं. आठवायच्या वेळेचंही तसंच. पूर्ण बंदोबस्त हवा असेल तर २००६ साली श्टेफेन गाइस, यान बॉर्न आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत काय केलं ते वाचा. त्यांनी तुमच्यासारख्याच शाळकरी मुलांना परक्या भाषेचे शब्द शिकवले आणि एक पूर्ण दिवस गेल्यावर, नंतर दीड दिवसानेही विचारलं. चोवीस तासांत सगळ्यांचीच झोप होते, फक्त कुणाची शिकल्यावर लगेच, कुणाची बऱ्याच तासांनी. शिकल्यावर लवकर झोपलेले कमी विसरले. तुमच्या गटात उत्साह असेल तर बारा तासांऐवजी चोवीस तासांची मांडणी करून बघा. त्यात झोप तर कुणाचीच वगळली जात नाही, शिकण्याची वेळ तीच आठवण्याची वेळ होते.

बारा जण नाही मिळाले तर आठावर करा, पण मग आठपैकी सात जण एका बाजूला आले तरच काही म्हणता येईल. नाण्यांचा तो हिशेब तुम्ही स्वतः करा, २५६ पैकी ९ येतो का बघा. सहापेक्षा कमी असतील तर छापा-काटा लावूच नका, प्रत्येकाचे आकडे नुसते तक्त्यात द्या.

निकाल सांगताना प्रत्येकाला त्याचे स्वतःचे आकडे, तेही मागितले तरच. वर्गात तक्ता लावलात तर कोडसुद्धा काढून टाका, कारण बारा जणांत कोण सर्वांत कमी हे ओळखायला कुणाला वेळ लागत नाही. गुण मिळाले की शिक्षकांकडची ती नाव-कोडची यादी फाडायची, आणि फोनमधले कागदांचे फोटो पुसायचे. व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपमधूनही.

संमतीपत्राचा आणि चार ओळींच्या नोंदीचा मजकूर या भागाच्या खाली टाकतेय, मराठीतच आहे, कॉपी करून घ्या. पुढच्या वेळी शब्दांच्या याद्या कशा बनवायच्या यावर अर्धा तास बोलू, कारण 'बैल आणि पाकीट' हे मी अनेकदा वापरलंय आणि आता ते माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ झालंय.